पिवळी भिंत, जांभळी साडी: फोटोमागचा रंग ब्रँडने ठरवायचा की कपड्यांनी?

जळगावहून भुसावळकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नशिराबाद लागतं. गावात माझी मावशी राहते. केळीचे वेफर्स आणि पापड घरी करून विकते. गेल्या वर्षी तिने पाकिटावर आणि फ्लेक्सवर लावायला स्वतःचा फोटो काढून घेतला. पाकिटाचा रंग पिवळा, त्यावरची अक्षरं गडद हिरवी. फोटो काढणाऱ्याने हिशोब सोपा केला. ब्रँड पिवळा आहे ना, मग मागचा पडदाही पिवळाच. मावशी नेसली होती तिची आवडती जांभळी साडी. फ्लेक्स छापून आला, तो पाहून मावशी एवढंच म्हणाली, "फोटोत भिंतच दिसून राह्यली, मी कुठी हाये?"

ती म्हणाली ते खरं होतं. चेहरा निळसर आणि थकल्यासारखा दिसत होता, कानाच्या कडांवर पिवळी झाक होती, आणि हातातलं पिवळं पाकीट पिवळ्या पडद्यात विरून गेलं होतं. फ्लेक्सचे पैसे गेले, पाकिटाची छपाई थांबवावी लागली.

माझं म्हणणं असं, की 'ब्रँडचा रंग म्हणजे बॅकग्राउंडचा रंग' हा समजच मुळात चुकीचा आहे. फोटोत सगळ्यात आधी ठरलेली असते त्वचा, मग कपडे. बॅकग्राउंडने त्या दोघांना साथ द्यायची असते. ब्रँडचा रंग त्यात नक्की येतो, पण बहुतेक वेळा फिका होऊन, आणि थोड्या जागेत. हे कसं, ते मावशीच्याच फोटोवरून पाहू.

आधी रंगचक्र समजून घेऊ. पण कोणतं?

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या असतील, तर रंगचक्र तुम्ही हाताने रंगवलेलं असेल. लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग, आणि त्यांच्या मधे मिश्रणाचे रंग. चक्रात समोरासमोर येतात ते विरोधी किंवा पूरक रंग. त्या चक्रात पिवळ्यासमोर जांभळा येतो, लालसमोर हिरवा.

आता फोनमधल्या एखाद्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये रंग निवडायची चकती उघडा. तिथे पिवळ्यासमोर निळा दिसेल आणि लालसमोर आकाशी. यात चूक कोणाचीच नाही. शाळेतलं चक्र रंगांच्या मिश्रणावर बेतलेलं आहे, तर फोनचं चक्र प्रकाशाच्या मिश्रणावर, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांवर.

घोळ होतो तो अर्धं काम एका चक्रावर आणि अर्धं दुसऱ्यावर केल्याने. इंटरनेटवरचा सल्ला असतो चित्रकाराच्या चक्राचा आणि रंग उचलला जातो फोनच्या चक्रातून. म्हणून एक काम, एक चक्र. फोनवर काम करताना फोनचं घ्या, कारण त्यात प्रत्येक रंगाला अंशांमध्ये जागा असते: ० म्हणजे लाल, १२० म्हणजे हिरवा, २४० म्हणजे निळा, आणि ३६० ला पुन्हा लाल. अ‍ॅपमध्ये हा आकडा `H` या अक्षरापुढे दिसतो. मात्र अंश काटेकोर पाळायची गरज नाही. तीसेक अंश इकडेतिकडे झाले तरी डोळ्याला जुळणी जुळलेलीच वाटते.

चक्रावरच्या जुळण्या पुष्कळ सांगितल्या जातात, पण इथे तीन पुरतात. शेजारचे रंग शांत दिसतात. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. आणि साधारण १२० अंशांच्या अंतरावर बसलेले तीन रंग एकत्र असूनही वेगवेगळे ओळखू येतात.

मावशीच्या फोटोतले चार रंग

फोटो अ‍ॅपमध्ये उघडून आयड्रॉपरने मी चार ठिकाणचे रंग उचलले. हाताशी असलेला माल असा:

- त्वचा: `#B07A55`, साधारण २४ अंश
- पाकिटाचा पिवळा: `#F2C200`, ४८ अंश
- अक्षरांचा गडद हिरवा: `#1E6B3A`, १४२ अंश
- साडीचा जांभळा: `#5B2A6E`, २८३ अंश

यात पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो. माणूस गोरा असो की सावळा, त्वचेचा रंग चक्राच्या नारिंगी भागातच बसतो. फरक पडतो तो मुख्यतः फिकट-गडदपणाचा. नारिंगीच्या समोर येतो निळा. फोटो स्टुडिओत निळा पडदा इतका का दिसतो, याचं एक कारण हेच. निळ्यापुढे चेहरा उठून दिसतो.

उलट पिवळा हा त्वचेच्या अगदी शेजारी, जेमतेम २४ अंशांवर. म्हणजे पिवळ्या पडद्यापुढे चेहरा ठेवणं हे त्याला त्याच्या चुलतभावापुढे उभं करण्यासारखं आहे. आणि हा चुलतभाऊ भडक असेल, तर लक्ष त्याच्याकडेच जाणार.

पिवळ्या पडद्याने नेमकं काय बिघडवलं?

तीन गोष्टी बिघडल्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी.

पहिली, निळसर चेहरा. फोनचा कॅमेरा पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून आपणहून रंग सरकवतो. दृश्यात एकच भडक रंग बहुतेक जागा व्यापून असेल, तर प्रकाशच पिवळा आहे असं कॅमेऱ्याला वाटू शकतं. मग ते पिवळेपण कमी करायला तो सगळा फोटो निळ्याकडे ढकलतो. पडदा तरीही पिवळाच राहतो, पण चेहऱ्यातली ऊब जाते. हे ओळखायचं कसं? डोळ्यांतला पांढरा भाग आणि दात पाहा. ते निळसर दिसले, तर कॅमेरा फसला आहे.

दुसरी, कानाच्या पाळीवरची पिवळी झाक. मावशी पडद्याला जवळजवळ टेकून उभी होती. भडक पडद्यावर पडलेला उजेड त्याचा रंग घेऊन परत येतो आणि कान, गालाची कड, केस, खांदे यांवर बसतो. एडिटिंगमध्ये हे सहज सुटत नाही. चेहऱ्याचा मधला भाग निळसर आणि कडा पिवळ्या, अशा वेळी एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं.

तिसरी गोष्ट डोळ्याची. ती समजायला १९व्या शतकातल्या फ्रान्समध्ये जावं लागेल. मिशेल यूजीन शेव्हरूल हे रसायनशास्त्रज्ञ गोब्लँच्या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होते. तिथे तक्रार आली, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शेव्हरूल यांनी तपासलं, तर रंगाईत खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याचं सार असं, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात.

मावशीच्या फोटोत हेच झालं. भडक पिवळ्याने चेहऱ्याला निळ्याकडे ढकललं. कॅमेऱ्याने आधीच तेच केलं होतं. नुकसान दुप्पट झालं.

मग हिरवा का नाही?

ब्रँडचा दुसरा रंग गडद हिरवा. त्वचेपासून तो ११८ अंशांवर आहे, साडीपासून १४१ अंशांवर. २४, १४२ आणि २८३ हे आकडे चक्रावर ठेवून पाहा. त्वचा, हिरवा आणि जांभळा मिळून जवळजवळ तीन समान फाके पडतात. वर सांगितलेली तिसरी जुळणी आयतीच हाती आली.

तरीही तोच गडद हिरवा मागे लावला तर फोटो पुन्हा फसेल. कारण रंगचक्र फक्त 'कोणता रंग' एवढंच सांगतं. तो किती गडद, किती भडक, यावर ते गप्प असतं.

इथे एक साधी चाचणी कामी येते: फोटो कृष्णधवल करून पाहा. आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावचे केकी मूस यांची कृष्णधवल टेबलटॉप छायाचित्रं आठवा. रंगाची मदत नसताना एक वस्तू दुसरीपासून वेगळी दिसते ती केवळ उजेड-सावलीच्या फरकाने. तोच निकष रंगीत फोटोलाही लागतो.

काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १००, असं धरून वरच्या रंगांचा उजळपणा मी काढला. साडी २५ आली, गडद हिरवा ३१, त्वचा ५२ आणि पिवळा ७३. साडी आणि गडद हिरवा यांच्यात फरक फक्त सहाचा. रंगीत फोटोत दोन्ही वेगळे वाटतील, पण जरा लांबून किंवा संध्याकाळच्या उजेडात फ्लेक्स पाहिला, तर साडीचा काठ आणि पडदा एकमेकांत मिसळतील. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही, अशा लोकांनाही उजळपणातला फरकच आधार देतो.

माझा अनुभवाचा अंदाज असा, की पडदा आणि त्याच्यापुढचा कपडा यांच्यात या मापावर निदान २० चा फरक हवा. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण कामाला पुरतो.

उत्तर: तोच हिरवा, पण धुऊन काढलेला

मग रंग तोच ठेवायचा, म्हणजे `H` १४२ च राहू द्यायचा, आणि बाकीचे दोन आकडे बदलायचे. अ‍ॅपमध्ये `S` म्हणजे भडकपणा आणि `B` म्हणजे उजेड. गडद हिरव्याचे मूळ आकडे `S` ७२ आणि `B` ४२ होते. मी `S` १५ वर उतरवला आणि `B` ८० वर चढवला. हाती आला `#ADCCB8`, म्हणजे राखाडीकडे झुकलेला फिका पिस्ता.

त्याचा उजळपणा ७५. साडीचा २५, त्वचेचा ५२. कृष्णधवल चाचणीत तिघेही सुटे दिसतात. पडदा भडक नसल्याने कॅमेरा फसण्याची शक्यता कमी, अंगावर झाक पडायचा धोकाही कमी. आणि शेव्हरूल यांचा नियम आता आपल्या बाजूने काम करतो. हिरवट पडदा चेहऱ्याला किंचित लालसरपणाकडे ढकलतो, त्यामुळे तो तजेलदार वाटतो.

स्टुडिओचा निळा का घेतला नाही? चेहऱ्याला तो उत्तम आहे, पण मावशीच्या पाकिटावर निळा कुठेच नाही. फोटोत निळा, पाकिटावर पिवळा-हिरवा, म्हणजे दुकानात टांगलेलं पाकीट आणि रस्त्यावरचा फ्लेक्स एकाच घरचे वाटणार नाहीत. फिका पिस्ता हा ब्रँडच्याच हिरव्याचा धाकटा भाऊ आहे. पाहणाऱ्याला कारण कळणार नाही, पण नातं जाणवेल.

आणि पिवळा?

पिवळ्याला पडद्यावरून काढून पाकिटावर राहू द्यायचं. मात्र पाकीट धरायचं कुठे, हेही रंगच ठरवतात. पिवळ्याचा उजळपणा ७३, पिस्त्याचा ७५. हात बाजूला लांब करून पाकीट पडद्यापुढे धरलं, तर फरक फक्त रंगाचा उरेल, उजेडाचा नाही. तेच पाकीट छातीशी, साडीपुढे धरलं, तर ७३ विरुद्ध २५. शिवाय शाळेतल्या चक्राप्रमाणे पिवळा-जांभळा ही समोरासमोरची जोडी, आणि फोनच्या चक्रातही जांभळा पिवळ्यापासून दूरच. पाकीट चमकून पुढे येतं.

हाच हिशोब अक्षरांना लावा. पिस्त्यावर पिवळी अक्षरं मोटारसायकलवरून जाणाऱ्याला वाचता येणार नाहीत. गडद हिरवी (३१) सहज वाचता येतील. आपल्याकडे बॅनरवर पिवळी अक्षरं हौसेने टाकली जातात. ती गडद पार्श्वभूमीवरच शोभतात.

पडदा आणायचा कुठून?

यासाठी महागडा स्टुडिओ पडदा लागत नाही. आपल्याकडे मॅचिंग सेंटर आहेत. साडीच्या शेजारी कोणता रंग बसेल हे सांगणारा माणूस तिथे रोज तेच काम करत असतो. साडी आणि पाकीट दोन्ही घेऊन जा. हवा असलेला रंग फोनवर दाखवा, पण कापडाचा तुकडा दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात नेऊन साडीशेजारी धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. दुकानातल्या दिव्याखाली राखाडी पिस्ता आणि पोपटी यांच्यात फसगत होते.

साधं सुती पॉपलीन घ्या. साटीन किंवा फ्लेक्स नको, कारण चकाकणाऱ्या पडद्यावर उजेडाचे डाग पडतात. पॉपलीनचा पन्हा एका माणसामागे पुरत नाही, म्हणून दोन पट्टे जोडून घ्यावे लागतात. शिवण उभी ठेवून ती माणसाच्या बरोबर मागे लपवायची.

आम्ही पडदा ओसरीत बांधला आणि मावशीला त्याच्यापुढे पाच-सहा फूट उभं केलं. एवढं अंतर असलं की पडद्याची झाक अंगावर येत नाही आणि सुरकुत्याही धूसर होतात. सकाळी नऊच्या सुमारास ओसरीत सावली होती आणि अंगणातून समोरून मऊ उजेड येत होता. खानदेशातल्या दुपारच्या उन्हात फोटो काढायचा नाही आणि दाट निंबाखालीही नाही, कारण पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवा उतरतो.

पहिल्या फोटोत मावशीने चेहऱ्याशेजारी पांढरा कागद धरला. नंतर अ‍ॅपमध्ये तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग दुरुस्त केला आणि तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना लावली.

हे कुठे चालत नाही?

छपाईत. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई शाईने. काही जांभळे आणि हिरवे छापताना मंद होतात, आणि आपला पडदा आधीच फिका आहे. म्हणून पूर्ण फ्लेक्स छापायच्या आधी त्याच मशीनवर, त्याच कापडावर चेहरा, साडी आणि पडदा येईल अशी वीतभर पट्टी छापून मागा. मावशीच्या पहिल्या पट्टीत पिस्ता जवळजवळ राखाडी आला. `S` १५ वरून २२ केला, तेव्हा तो पुन्हा हिरवा दिसला.

कपडे बदलले की उत्तरही बदलतं. हाच पडदा मावशीच्या पोपटी साडीमागे लावला, तर साडी आणि पडदा एकाच घरातले होऊन बसतील. ज्या व्यवसायात चार-पाच जणांचे फोटो एकाच पडद्यापुढे काढायचे असतील, तिथे पडदा आधी ठरवावा आणि कपडे त्याप्रमाणे सांगावेत. एकच माणूस आणि त्याचे ठरलेले कपडे असतील, तर क्रम उलटा.

आणि रंगचक्राला गाव कळत नाही. भगवा, निळा, हिरवा यांचे आपल्या रस्त्यांवर पक्षाचे आणि समाजाचे अर्थ लावले जातात, निवडणुकीच्या दिवसांत तर जास्तच. गणिताने आलेला रंग भडक लावला, तर वेफर्सच्या जाहिरातीला कोणी सभेचा फलक समजेल. फिका, राखाडी मिसळलेला रंग या बाबतीतही सोयीचा पडतो.

थोडक्यात क्रम

१. कपडे, त्वचा आणि ब्रँडचे रंग आयड्रॉपरने उचलून त्यांचे अंश लिहा.
२. ब्रँडच्या रंगांपैकी त्वचा आणि कपडे या दोघांपासून जास्त लांब असलेला रंग निवडा.
३. त्याचा `H` तसाच ठेवून `S` उतरवा. कपडे गडद असतील तर `B` चढवा.
४. फोटो कृष्णधवल करून कपडा, चेहरा आणि पडदा सुटे दिसतात का ते पाहा.
५. ब्रँडचा भडक रंग छोट्या जागेत आणि कपड्यांपुढे ठेवा.

ब्रँड लोकांच्या लक्षात राहावा म्हणून त्याचा रंग भिंतभर फासावा, असं आपल्याकडे छपाईवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना वाटतं. पण घरगुती धंद्यात गिऱ्हाईक पाकिटावर पाहतं तो चेहरा. तो चेहरा ओळखू आला, तर पिवळ्याला हातातल्या पाकिटाएवढी जागाही पुरते. मावशीचा नवा फ्लेक्स आता घराच्या दारावर आहे, आणि त्यात भिंतीच्या आधी मावशी दिसते.